युरिक ॲसिड वाढलंय, गाऊट आहे आणि पोटही कमी करायचंय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी आहारतज्ज्ञ आहे आणि माझ्याकडे येणाऱ्या गाऊटच्या पेशंट्सपैकी बऱ्याच जणांची गोष्ट सारखीच असते, म्हणजे रिपोर्ट आला, कोणीतरी "डाळ बंद, प्रोटीन बंद" सांगितलं, त्यांनी भात-भाजी आणि साबुदाण्यावर दिवस काढले, वजन तर हललंच नाही आणि अंगठा पुन्हा सुजला. तेच तेच प्रश्न मेसेजवर येत राहतात म्हणून सगळे एका जागी लिहिलेत. गोळ्यांचा डोस इथे सांगणार नाही, तो तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचा.

१. माझं युरिक ॲसिड ७.८ आलंय आणि टाच दुखते. म्हणजे गाऊट झाला ना?

लगेच तसं म्हणता येत नाही. रक्तात साधारण ६.८ च्या वर युरिक ॲसिड गेलं की ते नीट विरघळून राहत नाही आणि सांध्यात त्याचे बारीक सुईसारखे खडे जमू शकतात. जमू शकतात, जमतातच असं नाही, आकडा वाढलेल्या बऱ्याच लोकांना आयुष्यात कधी गाऊट होत नाही. गाऊटचा अटॅक ओळखू येतो: रात्री व्यवस्थित झोपलेला माणूस पहाटे उठतो तो पायाचा अंगठा लालभडक, गरम आणि सुजलेला घेऊनच, आणि त्यावर पांघरुणाचा स्पर्शही सहन होत नाही. दुखणं पहिल्या दिवसभरात टोकाला जातं आणि आठ ते पंधरा दिवसांत उतरतं. सकाळी पहिलं पाऊल टाकताना टाच दुखते आणि चालल्यावर मोकळी होते, ते बहुतेक वेळा तळव्याच्या पट्ट्याचं दुखणं असतं, त्याचा युरिक ॲसिडशी संबंध असेलच असं नाही.

एकदाही अटॅक आलेला नसेल तर फक्त आकड्यासाठी डॉक्टर सहसा गोळी सुरू करत नाहीत. वजन, साखर, बीपी आणि दारू यांच्याकडे बघतात, आणि खाली लिहिलेलं खाणंपिणं तुम्हालाही चालतं.

२. वजन कमी केल्याने युरिक ॲसिड खरंच उतरतं का?

उतरतं, पण महिन्यांच्या हिशोबात. पोटावर चरबी असली की रक्तात इन्सुलिन जास्त राहतं आणि जास्त इन्सुलिन किडनीला युरिक ॲसिड बाहेर टाकू देत नाही, ती ते परत आत ओढून घेते. बहुतेक गाऊटवाल्यांची अडचण जास्त बनण्याची नसते, कमी बाहेर जाण्याची असते, हे लोकांना माहीतच नसतं. चरबी उतरली की इन्सुलिन उतरतं आणि किडनीची वाट मोकळी होते.

पण साडेनऊ-दहा आकडा असलेल्या माणसाने नुसत्या डाएटवर तो सहाच्या खाली येईल अशी आशा धरू नये. आपल्या शरीरातल्या युरिक ॲसिडचा मोठा भाग, ढोबळमानाने दोन तृतीयांश, शरीर स्वतःच्या पेशींच्या मोडतोडीतून बनवतं. ताटातून येतो तो उरलेला तिसरा हिस्सा.

३. डाएट सुरू करून दहा दिवस झाले, ४ किलो उतरले आणि अंगठा सुजला. चांगलं वागूनही असं कसं?

मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. अटॅक आला की माणूस आठवायला लागतो, परवा डाळ खाल्ली होती, टोमॅटो खाल्ला होता. खरं कारण त्या दहा दिवसांच्या उपासमारीत असतं.

खाणं एकदम तोडलं की शरीर चरबी जाळायला घेतं आणि त्यातून कीटोन तयार होतात. हे कीटोन किडनीतून बाहेर पडताना युरिक ॲसिडची जागा अडवतात, एकाच दारातून दोघांना बाहेर जायचंय अशातला प्रकार, आणि दारात अडकतं ते युरिक ॲसिड. त्यात पहिल्या आठवड्यात जे दोन-तीन किलो पटकन उतरतात ते बरंचसं पाणी असतं, म्हणजे शरीर थोडं कोरडं पडलेलं असतं, लघवी कमी होते आणि आकडा अजून चढतो. आणि प्रोटीनही तोडलेलं असेल तर स्नायू झिजतात, त्या पेशींमधलं प्युरिन मोकळं होऊन त्याचंही युरिक ॲसिडच होतं. म्हणजे मटणाला हात न लावता माणूस आतून स्वतःचंच मांस खात असतो.

आणखी एक गोष्ट, आकडा वर गेल्यावर जसा अटॅक येतो तसा भराभर खाली आल्यावरही येतो, कारण सांध्यात आधीपासून बसलेले खडे सैल होतात आणि शरीर त्यांच्यावर तुटून पडतं. त्यामुळे अटॅक आला म्हणजे वजन कमी करणं चुकीचं, असं नाही. स्पीड चुकला.

४. मग किती स्पीडने वजन कमी करायचं?

आठवड्याला अर्धा किलो, वजन फार जास्त असेल (शंभरच्या पुढे) तर पाऊण. त्यासाठी रोजच्या खाण्यातून चारशे-पाचशे कॅलरी कमी करायच्या, त्याहून जास्त नाही. पहिल्या दोन आठवड्यांत तर मी मुद्दाम हात आखडता घ्यायला लावते, फक्त साखर, तळण आणि रात्रीचा दुसऱ्यांदा घेतलेला भात काढायचा, बाकी काही नाही.

स्पीड जास्त झालाय हे कळायला काटा आहेच, पण काट्याच्या आधी तोंड सांगतं. सकाळी तोंडाला विचित्र गोडसर-आंबूस वास येणं, उठल्यावर डोकं जड, लघवी गडद पिवळी, यातलं काही दिसलं की त्या दिवशी एक पोळी किंवा वाटीभर भात वाढवा आणि पाणी वाढवा. दिवसभरात अडीच-तीन लिटर पाणी पोटात जायला हवं (हार्टचा किंवा किडनीचा त्रास असेल तर प्रश्न १४ आधी वाचा), आणि झोपायच्या आधी एक ग्लास, कारण अटॅक रात्रीच जास्त येतात आणि रात्री आपण सात-आठ तास पाण्याविना असतो.

कीटो डाएट गाऊटवाल्यांना मी देत नाही, कारण तुम्हाला प्रश्न ३ मध्ये कळलंच असेल.

५. तूरडाळ, मूग, राजमा, पालक बंद करायला सांगितलंय. मग खायचं काय?

हे सगळं खा. डाळींमध्ये, पालकात, मशरूममध्ये प्युरिन असतं हे खरं आहे आणि जुन्या तक्त्यांमध्ये ते "टाळा" या रकान्यात छापलेलं असायचं, त्यामुळे अजूनही तीच यादी झेरॉक्स होऊन फिरते. पण २००४ साली अमेरिकेतल्या ४७ हजारांवर पुरुषांचा १२ वर्षं मागोवा घेतलेला अभ्यास आला, त्यात जास्त मांस आणि जास्त मासे-कोळंबी खाणाऱ्यांना गाऊट जास्त झाला, प्युरिनवाल्या भाज्या आणि डाळी-कडधान्यं खाणाऱ्यांमध्ये तो जास्त आढळला नाही, आणि दूध-दही भरपूर घेणाऱ्यांना उलट कमी झाला. ज्यांना आधीच गाऊट आहे त्यांच्याकडे बघूनही हेच दिसतं, वनस्पतीतल्या प्युरिनचा परिणाम मांसातल्या प्युरिनपेक्षा खूपच कमी असतो.

मर्यादा एवढीच की एका वेळी एक वाटी घट्ट डाळ किंवा उसळ, दिवसातून दोनदा. "डाळ चालते" म्हटल्यावर सकाळी मुगाचे डोसे, दुपारी छोले, संध्याकाळी सोया चंक्सचा डबा असं कोणी करू नका. आणि एखाद्याला राजमा खाल्ल्यावर दर वेळी, म्हणजे तीन-चार वेळा बघूनसुद्धा, त्रास होत असेल तर त्याने राजमा सोडावा, बाकीच्या डाळी कशाला सोडायच्या.

मला खरंच वाईट वाटतं कारण आपल्याकडच्या शाकाहारी माणसाच्या ताटातून डाळ काढली की प्रोटीनचं काही उरतच नाही, आणि मग भूक लागते म्हणून बिस्किटं, चिवडा, गोड चहा सुरू होतो.

६. प्रोटीन किती घ्यायचं? जास्त प्रोटीनने युरिक ॲसिड वाढतं ना?

प्रोटीन आणि प्युरिन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि सगळा घोळ इथूनच सुरू होतो. युरिक ॲसिड प्युरिनपासून बनतं, प्रोटीनपासून नाही. कलेजीत दोन्ही भरपूर. चिकनमध्ये प्रोटीन भरपूर, प्युरिन मध्यम. अंड्यात आणि दुधात प्रोटीन चांगलं आणि प्युरिन जवळजवळ नाहीच. दुधातलं प्रोटीन तर किडनीला युरिक ॲसिड बाहेर टाकायला थोडी मदतच करतं.

किती घ्यायचं त्याचा सोपा हिशोब: तुम्हाला जितक्या वजनावर यायचंय ते किलो गुणिले १.२. आज ८६ किलो आहात आणि ७४ वर यायचंय तर साधारण ८८ ग्रॅम. किडनी कमी काम करत असेल तर हा हिशोब लावायचा नाही, प्रश्न १४.

७. ८८ ग्रॅम म्हणजे ताटात नक्की काय? एक दिवस लिहून द्या.

माझ्याकडे आलेल्या एका गृहस्थांचंच ताट सांगते. वय ४७, उंची १६८, वजन ८६, युरिक ॲसिड ८.६, वर्षात दोन अटॅक, बैठं काम. आले तेव्हा त्यांचं प्रोटीन मोजलं तर जेमतेम ४० ग्रॅम निघालं, कारण डाळ आणि अंडी दोन्ही बंद करून बसले होते.

नाश्त्याला एक आख्खं अंडं आणि तीन पांढरे यांचं कांदा-मिरची घालून ऑम्लेट, बरोबर एक पोळी, इथे २० ग्रॅम होतात. अकरा वाजता पातळ ताक. दुपारच्या डब्यात दोन पोळ्या, एक वाटी घट्ट वरण, भाजी, काकडीची कोशिंबीर आणि वाटीभर दही, हे १९ ग्रॅम. पाचला बिनसाखरेची दुधाची कॉफी आणि मूठभर भाजलेले चणे, १३ ग्रॅम. रात्री एक ज्वारीची भाकरी, पालेभाजी आणि कमी फॅटच्या १०० ग्रॅम पनीरची भुर्जी, २४ ग्रॅम. आणि जेवणानंतर चार-पाच चमचे चक्का, ८ ग्रॅम. ताक धरून ८७ झाले, आणि कॅलरी साधारण सोळाशे-सतराशे.

हा चक्का त्यांच्या घरी कसा सुरू झाला ते सांगण्यासारखं आहे. त्यांच्या मिसेसनी गाईच्या दुधाचं दही रात्री पंचात बांधून सिंकच्या नळाला टांगायला सुरुवात केली, सकाळी खाली पातेल्यात पिवळसर निवळ पाणी आणि वर घट्ट गोळा. साखर घातली की त्याचं श्रीखंड होतं, म्हणून साखरेऐवजी भाजलेल्या जिऱ्याची पूड, मीठ आणि बारीक चिरलेली काकडी घालायची. खालचं पाणी त्या कणकेत वापरायच्या, त्यातही थोडं प्रोटीन असतं.

पाच महिन्यांत त्यांचं वजन ८६ चं ७७ झालं. मध्ये दुसऱ्या महिन्यात एक हलका अटॅक आला, गावच्या जत्रेनंतर. त्याचं कारण पुढच्या उत्तरात आहे.

८. नॉनव्हेज पूर्ण सोडायचं का? चिकन, मटण, मासे यातलं काय चालेल?

पूर्ण सोडायची गरज नाही, माप आणि प्रकार बघायचा.

कलेजी, भेजा, गुर्दे, थोडक्यात आतले अवयव, हे सोडाच. सुकी मासळीही सोडा, सुकट, जवळा, सुके बोंबील, कारण वाळवल्यावर पाणी जातं आणि प्युरिन तेवढंच राहतं, म्हणजे चार चमचे सुकटीत ओल्या मासळीच्या मानाने कितीतरी जास्त येतं. ओल्या मासळीत तारली, बांगडा, मांदेली ही तेलकट, छोटी मंडळी वरच्या पायरीवर. कोकणातल्या माणसाला बांगडा सोड म्हणणं मला जिवावर येतं, म्हणून मी सांगते की पहिले सहा महिने, आकडा सहाच्या खाली येईपर्यंत थांबा, नंतर कधीतरी एक बांगडा. पापलेट, सुरमई मध्यम गटात, त्याचा हातभर नाही तर तळव्याएवढा एक तुकडा, आठवड्यातून दोनदा.

चिकनही तसंच, १०० ते १२० ग्रॅम, आठवड्यातून दोन-तीनदा, त्या दिवशी रात्रीचं पनीर काढून तिथे चिकन. मटण महिन्यातून एक-दोनदा आणि कमी चरबीचं. मांसाहाराच्या दिवशी दुपारी आणि रात्री दोन्हीकडे नको, आणि त्याच दिवशी दारू तर अजिबात नको.

आता जत्रेची गोष्ट. ते गृहस्थ मूळचे कोल्हापूरकडचे. मला सांगत होते, मॅडम मी मटणाचे दोनच तुकडे खाल्ले. आणि रस्सा? तर अळणी पाणी दोन वाट्या आणि पांढरा रस्सा "पाच-सहा वाट्या असेल". मांस पाण्यात शिजताना त्यातलं प्युरिन पाण्यात उतरतं, म्हणजे तुकडे हलके होतात आणि रस्सा जड. यांनी हलकं सोडलं आणि जड प्यायले. गाऊट असेल तर उलटं करायचं, चिकन आधी भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं आणि तुकडे नव्या मसाल्यात परतायचे. चवीत फरक पडतो हे मान्य आहे, आलं-लसूण-खोबऱ्याचं वाटण थोडं सढळ ठेवलं की भागतं. थंडीत लोक औषध म्हणून सूप पितात तेही याच हिशोबात धरा.

९. जिममध्ये व्हे प्रोटीन घ्यायला सांगतात. गाऊटला चालेल?

चालेल. व्हे म्हणजे दुधाचंच प्रोटीन, प्युरिन नगण्य, एका स्कूपमधून साधारण २४ ग्रॅम प्रोटीन. ज्यांना अंडी चालत नाहीत आणि दही-पनीर रोज जमत नाही त्यांना मी स्वतः एक स्कूप देते. डब्यावर साखर किंवा फ्रुक्टोज घातलंय का ते वाचा, आणि मास गेनर नावाखाली मिळतात ते डबे घेऊ नका, त्यात साखरेचाच भरणा जास्त असतो. यीस्टवाल्या पावडरी आणि गोळ्या मात्र टाळा, यीस्टमध्ये प्युरिन खूप असतं. ब्रेडमध्ये जेवढं यीस्ट असतं त्याची काळजी नको.

१०. श्रावण, एकादशी, नवरात्र. उपवास केले तर चालतील का? आणि दिवसातून दोनच वेळा जेवायचा प्लॅन?

एकादशीचा एक दिवसाचा उपवास, पाणी पिऊन आणि दोनदा फराळ करून, बहुतेकांना चालतो. निर्जळी नको, कुठल्याच गाऊटवाल्याने करू नये. फराळात साबुदाणा-बटाटा घेतला तर प्युरिन नाही पण प्रोटीनही नाही, म्हणून भगरीबरोबर दाण्याची आमटी, वाटीभर दही, एक ग्लास दूध, मूठभर शेंगदाणे असं करा. नवरात्राचे नऊही दिवस उपवास करणाऱ्यांनी हे जास्त सांभाळायचं, आणि मागच्या सहा महिन्यांत अटॅक आला असेल तर नऊऐवजी पहिला आणि शेवटचा दिवस धरावा, घरच्या मोठ्यांना हे पटतं असा माझा अनुभव आहे. रोजे धरणाऱ्यांनी इफ्तार ते सहरी पाणी थोडं थोडं करत दोन-अडीच लिटर प्यावं आणि आधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं.

दोनदाच जेवण्याच्या प्लॅनमध्ये दोन अडचणी येतात. एकतर ८८ ग्रॅम प्रोटीन दोन जेवणांत बसवायचं तर एका वेळी ४०-४५ ग्रॅम घ्यावं लागतं, ते डाळ-दह्यातून होत नाही आणि मग माणूस चिकनच्या मोठ्या प्लेटकडे वळतो. दुसरं म्हणजे मधल्या वेळात "काहीच नको" म्हणून पाणीही कमी प्यायलं जातं. करायचाच असेल तर बारा तासांची रात्रीची गॅप ठेवा, आठला जेवण आणि सकाळी आठला नाश्ता, तेवढं पुरतं.

११. सकाळी कोमट पाण्यात मध-लिंबू घेतो, दुपारी फळांचा ज्यूस. हेल्दी आहे ना?

लिंबू ठेवा, मध काढा. मधातला मोठा हिस्सा फ्रुक्टोज असतो, आणि साखरेचाही निम्मा. फ्रुक्टोज लिव्हरमध्ये गेलं की ते पचवताना पेशींमधलं ऊर्जेचं इंधन भराभर खर्च होतं आणि त्याच्या उरलेल्या भागाचं युरिक ॲसिड बनतं. प्युरिनचा एक कण न खाता युरिक ॲसिड वाढवणारी ही साखर, आणि डाळ बंद करणारे लोक ही सर्रास पितात. कोल्डड्रिंक, पॅकेटमधला ज्यूस, उसाचा रस सगळं यात आलं. गूळही साखरेसारखाच धरा.

आख्खं फळ दिवसाला एक-दोन चालतं, त्यात साखर कमी, तंतू जास्त आणि चावून खाण्यात वेळ जातो. आंब्याच्या दिवसांत एक मध्यम हापूस जेवणाबरोबर, त्या दिवशी दुसरं फळ नाही आणि एक पोळी कमी. वाटीवर वाटी आमरस नको.

१२. बिअर बंद करून व्हिस्की सुरू केली. आता ठीक का?

बिअर सगळ्यात वाईट, कारण तिच्यात दारूही आहे आणि प्युरिनही. पण व्हिस्कीतली दारूसुद्धा किडनीकडून युरिक ॲसिड अडवून धरते आणि लघवीवाटे पाणी काढून टाकते, शिवाय तिच्याबरोबरचा चखणा असतोच. वजन उतरत असताना पूर्ण बंद ठेवा. अटॅक शांत होऊन सहा महिने झाले आणि आकडा सहाच्या खाली असला की मग डॉक्टरांना विचारून ठरवा.

१३. आंबट खाल्ल्याने युरिक ॲसिड वाढतं म्हणतात. दही, ताक, लिंबू, टोमॅटो, चिंच बंद करू का?

जिभेला लागणारं आंबट आणि रक्तातलं युरिक ॲसिड यांचा संबंध फक्त "ॲसिड" या शब्दापुरता आहे. दही-ताक तर आपल्या बाजूचं (प्रश्न ५ आणि ६). लिंबू पोटात गेल्यावर लघवी थोडी अल्कलाइन करतं, ते युरिक ॲसिडच्या मुतखड्यासाठीही बरंच. टोमॅटो खाल्ल्यावर अटॅक येतो असं काही पेशंट सांगतात, तसं तुमच्या बाबतीत वारंवार घडत असेल तर काढा, सरसकट नको.

१४. मला बीपी, शुगर आणि किडनीचाही त्रास आहे. हे सगळं तसंच पाळू?

किडनी: क्रिएटिनिन वाढलेलं असेल किंवा ईजीएफआर ६० च्या खाली असेल तर प्रोटीन ठरवायचं काम नेफ्रॉलॉजिस्टचं, बऱ्याचदा ते किलोमागे ०.८ च्या आसपास ठेवतात. मग प्रश्न ७ मधलं ताट चालणार नाही, चक्का आणि रात्रीचं पनीर आधी जातं. पोटॅशियम वाढत असेल तर लिंबूपाणी, डाळी, पालेभाज्या यांचंही माप त्यांनाच विचारा. हार्ट फेल्युअर असेल तर पाणी डॉक्टरांनी सांगितलंय तेवढंच, माझे तीन लिटर विसरा.

बीपी: काही बीपीच्या गोळ्यांमध्ये पाणी काढणारं औषध असतं, हायड्रोक्लोरोथायाझाइड किंवा क्लोरथॅलिडोन, त्याने युरिक ॲसिड वाढतं. लोसार्टनने उलट थोडं उतरतं. पट्टीवरचं नाव वाचा आणि डॉक्टरांना विचारा की बदलता येईल का, पण स्वतःहून गोळी बंद करू नका. हार्टसाठी चालू असलेली ॲस्पिरिनही तशीच, ती थोडं वाढवते पण बंद करायची नाही.

शुगर: इन्सुलिन किंवा शुगर एकदम पाडणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खाणं कमी करायच्या आधी डोस बघून घ्या.

१५. अटॅक चालू आहे. आता डाएट करू का, व्यायाम करू का?

दोन्ही थांबवा. त्या आठवड्यात वजन कमी करायचंच नाही, पोटभर पण साधं खायचं, मऊ भात, मुगाचं वरण, दही, दूध, अंडं, आणि पाणी भरपूर. चिकन-मासे पूर्ण बंद. पाय उशीवर वर ठेवा, कापडात गुंडाळून बर्फाचा शेक द्या, मालिश आणि गरम शेक नको. डॉक्टरांनी अटॅकसाठी दिलेलं औषध जितक्या लवकर सुरू होईल तितकं दुखणं लवकर आटोक्यात येतं, म्हणून ते घरात असू द्या. सूज पूर्ण उतरल्यावर दोन-तीन दिवसांनी सपाट रस्त्यावर चालायला सुरुवात करा.

सांधा सुजलाय आणि अंगात ताप आहे, थंडी वाजतेय, तर गाऊट समजून घरी थांबू नका. सांध्यात इन्फेक्शनही असंच दिसतं, त्याच दिवशी दाखवा.

१६. अटॅकच्या वेळी टेस्ट केली तर ५.९ आलं. म्हणजे गाऊट नाही?

असू शकतो. अटॅकच्या काळात रक्तातला आकडा बऱ्याच जणांचा तात्पुरता उतरतो. सूज उतरल्यावर दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करा, तो आकडा धरायचा. एका माणसाला मी सहा महिने "गाऊट नाही" या समजुतीवर फिरताना पाहिलंय, फक्त एका चुकीच्या वेळी काढलेल्या रिपोर्टमुळे.

१७. वजन १० किलो उतरलं, युरिक ॲसिड ५.६ आहे. आता रोजची गोळी बंद करू?

५.६ हे वजनाने आलंय की गोळीने, हे नुसतं बघून सांगता येत नाही, आणि बहुतेकदा मोठा वाटा गोळीचाच असतो. गोळी बंद केली की काही दिवसांतच आकडा परत चढू लागतो, पण अटॅक येईपर्यंत "बंद करून काही झालं नाही" असं वाटत राहतं. सहाच्या खाली आकडा टिकून राहिला तर जुने खडे हळूहळू विरघळतात, त्याला वर्षं-दोन वर्षंही लागतात. डॉक्टर वजन बघून डोस कमी करून बघू शकतात, पण ते टेस्ट करत करत.

याचीच दुसरी बाजू, गोळी नवीन सुरू केल्यावर पहिल्या काही महिन्यांत अटॅक येऊ शकतो (खडे सैल होतात, प्रश्न ३ मधलंच कारण). म्हणून डॉक्टर कमी डोसने सुरू करतात आणि तीन ते सहा महिने बरोबर अटॅक रोखणारी गोळी देतात. गोळी सुरू करणं आणि डाएट सुरू करणं एकाच आठवड्यात ठेवू नका. मी आधी गोळीचा डोस बसू देते, महिना-दीड महिना, आणि तेवढ्या वेळात घरात फक्त अंडी, दही, वरण आणि पाणी यांची घडी बसवून घेते, कॅलरीला हात लावत नाही.